‘बी उगवलंच नाही!’ या मेसेजला काय उत्तर द्याल?

रात्रीचे साडेनऊ. मामाच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅप मेसेज येतो. सोबत चार फोटो आणि एक व्हिडिओ. काळ्या रानात सरळ ओळी, पण ओळींत रोपं कुठंकुठंच. खाली मेसेज: ‘शेठ काय बी देता का हो? तीन बॅगा टाकल्या. निम्मं रान मोकळं हाय. दुबार पेरायला पैसा कुठून आणू? उद्या दुकानापुढं येऊन बसतो, मग कळंल.’

गेल्या वर्षीच्या जूनमधली ही गोष्ट. माझ्या मामाचं मानवतच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. मी सुट्टीत तिथं गेले होते आणि मास कम्युनिकेशन शिकते म्हणून मामानं मोबाइल माझ्या हातात दिला. ‘तू पत्रकारिता शिकतीस ना? लिही बरं उत्तर. गिऱ्हाईक तुटलं नाही पाहिजे अन् उद्या कोर्टात कागद आपल्यावर उलटला नाही पाहिजे.’

वाटलं, दोन मिनिटांचं काम. ते उत्तर जायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दुकान असेल, कुणी इन्स्टावर कुर्ते विकत असेल, कुणी उद्या एखाद्या कंपनीच्या कस्टमर केअरला बसेल. असा मेसेज कधी ना कधी तुमच्यापुढं येणारच. म्हणून त्या एका उत्तराची ही गोष्ट.

पहिले दोन मसुदे, दोन्ही फाडले

माझा मसुदा असा होता: ‘काका, मनापासून माफी मागते. आमच्या बियाण्यात दोष होता. तुमचं सगळं नुकसान आम्ही भरून देऊ.’ मला वाटलं, किती माणुसकीचं उत्तर आहे!

मामेभावानं वाचलं आणि स्वतःचा मसुदा पुढं केला: ‘आमचं बियाणं प्रमाणित आहे. बाकी कुणाची तक्रार नाही. तुम्ही कमी ओलीवर पेरलं असेल. आमचा काही संबंध नाही.’

मामाचे एक मित्र परभणीला वकिली करतात. त्यांना फोन लावला, दोन्ही मसुदे वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘दोन्हीत एकच चूक आहे. तुम्हा दोघांनाही बी का उगवलं नाही हे माहीत नाही. तरी दोघांनी निकाल देऊन टाकलाय.’

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं. तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे काय झालं: रान मोकळं आहे, माणसाचा पैसा आणि हंगाम अडकलाय. ही गोष्ट डोळ्यांना दिसते. ती मान्य करायला एक मिनिटही लावू नका. दुसरी म्हणजे कशामुळं झालं आणि भरपाई कुणी द्यायची. ती पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसते. माझ्या मसुद्यानं पहिलीबरोबर दुसरीही कबूल करून टाकली होती. भावाच्या मसुद्यानं दुसरी नाकारताना पहिलीही नाकारली होती.

कारण पहिल्या दिवशी का कळत नाही?

सोयाबीनचं बी नाजूक. त्याचं वरचं साल पातळ असतं. बॅग ट्रकमधून आपटली तरी आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय चांगलं बीसुद्धा पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येताना दमतं. पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरलं, साधारण 75 ते 100 मिलिमीटर होण्याआधी, तर ओल मधेच तुटते. पेरल्याबरोबर दणक्याचा पाऊस होऊन ऊन पडलं की काळ्या रानाचा वरचा थर टणक होतो आणि कोंब खालीच मुरडतो. चारही वेळा रान मोकळंच दिसतं.

फरक ओळखायचा तर ओळ उकरावी लागते. बी कोरडं, जसंच्या तसं सापडलं तर ओल कमी पडली. बी फुगून कुजलेलं निघालं आणि कोंबच नसला तर बियाण्यावर संशय जातो, पण पाणी साचलं होतं का तेही बघावं लागतं. कोंब निघून वाकडा होऊन अडकलेला दिसला तर बी जिवंत होतं, वाट बंद होती. यातलं काहीही मोबाइलच्या फोटोत दिसत नाही.

प्रयोगशाळेलाही घाई करता येत नाही. सोयाबीनची उगवण चाचणी प्रमाणित पद्धतीनं आठ दिवसांची असते. शंभर-शंभर बियांचे चार गट लावतात, पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. सोयाबीनसाठी किमान उगवणक्षमता ठरलेली आहे 70 टक्के. म्हणजे शंभरातलं तीस बी उगवलं नाही तरी कायद्यानं ते बियाणं चालतं! हा आकडा बॅगेवरच्या लेबलवर असतो, पण बहुतेकांनी तो वाचलेला नसतो.

आता विचार करा. जे कळायला कृषी अधिकाऱ्याला रानात जावं लागतं आणि प्रयोगशाळेला आठ दिवस लागतात, ते आम्ही दुकानात बसून रात्री साडेनऊला कसं काय सांगणार होतो?

‘आमच्याकडे तसं होऊच शकत नाही’ याची किंमत

भावाचा मसुदा तुम्हाला उद्धट वाटला असेल, पण मोठमोठ्या कंपन्या तेच करतात. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीचं पहिलं म्हणणं असं होतं की कारखान्यात असं घडणं शक्य नाही, दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. त्यावर प्रशासनाचा उलट प्रश्न आला: मग तुमचं पॅकिंग कसं आहे?

वाद चॉकलेटवरून पॅकिंगवर गेला, बातम्या वाढत गेल्या, ऐन दिवाळीच्या मोसमात विक्री कोसळली. पुढं कंपनीनं दुकानदारांना माल ठेवण्याचं प्रशिक्षण द्यायला ‘विश्वास’ नावाचा प्रकल्प काढला, जानेवारी 2004 मध्ये उष्णतेनं सीलबंद केलेलं नवं पॅकिंग आणलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभं केलं.

कंपनीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. दुकानात माल खराब होतोच. पण तपासाआधी ‘दोष दुसऱ्याचा’ असं म्हटलं की समोरचा ते खोडायला लागतो, आणि ज्याचं चॉकलेट खराब निघालं तो माणूस बाजूलाच राहतो. आमच्याकडे तो माणूस सकाळी दुकानापुढं येऊन बसणार होता.

आणि ‘माफ करा, आमची चूक’ याचीही किंमत

मग माझ्या मसुद्यात काय वाईट होतं? पुरावा कायद्यात ‘कबुली’ला मोठं वजन आहे. तुम्ही स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट लिहून दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरता येते. व्हॉट्सअॅप मेसेजही इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून पुराव्यात येऊ शकतो. कबुली म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ती चुकीची होती असं नंतर दाखवता येतं, पण ते ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

परदेशात काही ठिकाणी यावर तोडगा काढलाय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं 2006 साली खास माफीचा कायदा केला: माफी मागितली म्हणजे जबाबदारी कबूल केली असं धरायचं नाही. इंग्लंडमध्येही त्याच वर्षीच्या कायद्यात अशी तरतूद आली. आपल्याकडं असा सर्वसाधारण कायदा नाही, म्हणून शब्द आपणच जपून निवडायचे.

मराठीत ते अवघड नाही. ‘तुमची पेरणी अशी झाली हे ऐकून वाईट वाटलं’ हे दुसऱ्याच्या दुःखाबद्दलचं वाक्य आहे. ‘आमच्या बियाण्यामुळं तुमची पेरणी वाया गेली’ हे कारणाबद्दलचं वाक्य आहे. पहिलं मोकळ्या मनानं लिहा. दुसरं अहवाल आल्याशिवाय लिहू नका. या दोन वाक्यांत माया कमी-जास्त नाहीये, ‘मुळं’ एवढाच फरक आहे.

वकीलकाकांनी मामाला आणखी एक विचारलं: ‘काउंटरवर काय बोलला होतास?’ मामा गप्प. कारण मामा प्रत्येकाला म्हणतो, ‘न्या बिनधास्त, शंभर टक्के उगवणार, माझी गॅरंटी.’ ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादक आणि विक्रेता यांची जबाबदारी वेगवेगळी मांडली आहे. माल सदोष निघाला म्हणून प्रत्येक वेळी दुकानदार अडकतोच असं नाही. पण कलम 86 मध्ये ज्या कारणांनी तो अडकतो त्यातलं एक असं: उत्पादकाच्या हमीपलीकडं त्यानं स्वतःची वेगळी हमी दिली आणि माल तसा निघाला नाही. लेबल म्हणतं 70, मामा म्हणतो शंभर. मधल्या तीस टक्क्यांचा धनी कोण? मामाच!

आधी तीन फोन, मग उत्तर

उत्तर लिहिण्याआधी वकीलकाकांनी तीन कामं लावली.

पहिलं, शेतकऱ्याला लगेच फोन. मेसेज नाही, फोनच. मामानं लावला. समोरून पाच मिनिटं नुसता राग. मामानं मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, ‘दादा, उद्या सकाळी मी तुमच्या रानात येतो. तोवर ते रान मोडू नका आणि बॅगा, टॅग, पावती जपून ठेवा.’ ‘दुकानापुढं बसतो’ हा विषय तिथंच मागं पडला. माणसाला बसायचं नसतं, कुणीतरी येऊन बघावं असं वाटत असतं.

दुसरं, दुकानाचं रजिस्टर. बियाणं लॉट नंबरनं विकलं जातं आणि पावतीवर तो लिहावा लागतो. या शेतकऱ्याच्या तीन बॅगांपैकी दोन एका लॉटच्या निघाल्या आणि एक दुसऱ्या लॉटची. हे आधी कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पहिल्या लॉटच्या आणखी बॅगा कुणी नेल्या, ती यादी काढून चौघांना विचारलं. दोघांनी अजून पेरलं नव्हतं, एकाचं बरं होतं, एक म्हणाला, ‘पातळच हाय.’ आता भावाचं ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ हे वाक्य आठवा. ते गेलं असतं तर दुसऱ्याच दिवशी खोटं ठरलं असतं. जबाबदारी कबूल न करणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. पहिलं तुम्हाला वाचवतं, दुसरं बुडवतं.

तिसरं, त्या लॉटच्या उरलेल्या बॅगा विक्रीतून बाजूला आणि कंपनीला लेखी कळवणं. एक बॅग सीलबंद तशीच ठेवली. दुसरी उघडून शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. ही घरगुती चाचणी कोर्टात चालत नाही, पण आपण कुठल्या पाण्यात उभे आहोत ते कळतं.

हेच ते उत्तर

दुकानाच्या लेटरहेडवर लिहून, सही करून, त्याचा फोटो शेतकऱ्याला पाठवला आणि मूळ कागद मामानं रानात हातात दिला. नाव-नंबर काढून देते:

‘रामराम दादा,

काल रात्री साडेनऊला तुमचा मेसेज आणि फोटो मिळाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आमच्या दुकानातून नेलेल्या सोयाबीनच्या तीन बॅगा पेरून आठ दिवस झाले आहेत आणि बऱ्याच भागात उगवण झालेली नाही. ऐन पेरणीत असं होणं म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. हे ऐकून आम्हाला वाईट वाटलं.

आमच्या नोंदीप्रमाणे दोन बॅगा एका लॉटच्या आणि एक दुसऱ्या लॉटची आहे. ज्या लॉटच्या दोन बॅगा आहेत, त्याची विक्री आम्ही आजपासून थांबवली आहे आणि कंपनीला लेखी कळवलं आहे. आज आम्ही तुमच्या रानात येऊन पाहणी करत आहोत.

उगवण कमी होण्याचं कारण आज आम्हाला माहीत नाही. ते कृषी विभागाच्या पाहणीतून आणि बियाणं तपासणीतून कळेल. तुम्ही तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. अर्ज लिहायला आणि पावतीची प्रत द्यायला आम्ही मदत करू. रिकाम्या बॅगा, टॅग, पावती आणि उरलेलं बी असल्यास जपून ठेवा. पंचनामा होईपर्यंत रानाचा निदान काही भाग तसाच ठेवा.

दुबार पेरणीची वेळ निघून जाऊ नये म्हणून आम्ही दोन बॅगा आजच देत आहोत. कारण काहीही निघो, या बॅगा त्यावर अवलंबून नाहीत. यामुळे तुमचा तक्रारीचा हक्क कमी होत नाही आणि कारणाबद्दल आमचंही काही म्हणणं ठरत नाही.

पंचनाम्याची तारीख कळली की त्याच दिवशी फोन करू. काहीच कळलं नाही तरी येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत नक्की फोन करू.’

एकेक ओळ का तशी आहे?

‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे’ हे दोन शब्द बारीक आहेत, पण कामाचे. तक्रार तुम्ही ऐकली हे त्यातून दिसतं आणि ती अजून त्याची बाजू आहे हेही दिसतं. मात्र हेच शब्द चारदा वापरले तर ‘तू खोटं बोलतोस’ असा वास येतो. एकदाच पुरे.

‘कारण आज आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य लिहायला मामाला सगळ्यात जड गेलं. त्याला ते कमीपणाचं वाटलं. पण पूर्ण पत्रात तेच सगळ्यात खरं वाक्य होतं आणि त्याच्याच जोरावर बाकीचं पत्र उभं राहिलं.

तालुका कृषी कार्यालयाची वाट आपणच दाखवायची, यावर भाऊ भडकला. ‘स्वतःच्या पायावर धोंडा?’ पण शेतकऱ्याला ती वाट कुणीही दाखवणारच होतं. बियाणे नियमांतल्या 23अ नियमाप्रमाणे शेतकऱ्यानं सदोष बियाण्याची लेखी तक्रार दिली की बियाणे निरीक्षकानं टॅग, बॅग, न वापरलेल्या बियाण्याचा नमुना घ्यायचा आणि लॉटचे नमुने तपासणीला पाठवायचे असतात. आपल्याकडं बियाणं तपासणीची सरकारी प्रयोगशाळा परभणीतच आहे. दुकानदारानं स्वतः वाट दाखवली तर तो लपवत नाही हे कागदावर येतं आणि कारण ठरवायचं काम योग्य माणसाकडं जातं.

दोन बॅगांचा परिच्छेद सगळ्यात नाजूक. बॅगा दिल्या म्हणजे चूक मान्य केली, असं उद्या कुणी म्हणू शकतं. म्हणून त्या कशासाठी दिल्या हे तिथंच लिहिलं. वकील अशा ठिकाणी ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहितात. तडजोडीच्या बोलण्यासाठी कायद्यातही आधार आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 नुसार दिवाणी प्रकरणात ‘हे पुराव्यात वापरायचं नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली वापरता येत नाही. पण हा ताईत नव्हे! वर ‘हक्क अबाधित ठेवून’ लिहायचं आणि खाली ‘आमचं बियाणं खराबच होतं’ असं सगळ्यांना सांगत फिरायचं, याला काही अर्थ नाही.

उलट बाजूनं एक पथ्य आहे. भावानं बॅगांच्या बदल्यात ‘माझी काही तक्रार नाही’ अशी सही घ्यायचं सुचवलं. वकीलकाका म्हणाले, ‘बॅगा मिळाल्याची पोच घे, बाकी काही नको.’ पेरणीच्या घाईत, गरजेपोटी घेतलेली असली सही टिकेल याची खात्री नसते आणि गावभर बोभाटा मात्र होतो.

शेवटी तारीख. ‘लवकरच कळवू’ म्हणजे काहीच नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी तर हे नियमातच आहे: 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात. इथं तर घड्याळ अजून जोरात पळत होतं, कारण आपल्या भागात सोयाबीन साधारण 15 जुलैपर्यंतच पेरावं असं सांगतात.

पुढं काय झालं?

सकाळी मामासोबत मीही रानात गेले. शेतकरी दादा बांधावर उभेच होते, बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. मामानं ओळ उकरली. दोन एकरांत फुगून मऊ पडलेलं बी निघालं. पलीकडच्या एकरात मात्र रोपं छान ओळीत उभी! तोच दिवस, तीच पेरणी, तोच ट्रॅक्टर, फक्त बॅग दुसऱ्या लॉटची. भावाचं ‘कमी ओलीवर पेरलं असेल’ तिथंच निकालात निघालं. आणि माझं ‘आमच्या बियाण्यात दोष होता’ हेही पूर्ण खरं नव्हतं, कारण तिसरी बॅग चांगलीच होती.

पंचनामा झाला. तेवढ्यापुरत्या ओळी सोडून दादांनी बाकीचं रान दुबार पेरलं. गोणपाटातल्या शंभरांपैकी 58 बियांना कोंब आले होते. पुढं प्रयोगशाळेचा अहवालही 70 च्या खालीच आला. मग मामानं दुसरं पत्र लिहिलं आणि आता त्यात ‘मुळं’ हा शब्द घातला: तपासणीत लॉटची उगवण किमान प्रमाणापेक्षा कमी आढळली, कंपनीकडून भरपाई मिळण्यासाठी हा अहवाल आणि आमच्या विक्रीच्या नोंदी तुमच्यासाठी देत आहोत. कंपनीनं बियाण्याचे पैसे परत केले. खत, मजुरी आणि मशागतीच्या खर्चाचा वाद मी हे लिहीपर्यंत चालूच आहे, आणि त्यात दादांच्या हातात मामाचं पहिलं पत्र आहे.

मामाला याची भीती नाही वाटली? वाटली. पण पत्रातलं एकही वाक्य त्याला मागं घ्यावं लागलं नाही.

या उत्तराला मर्यादा आहेत

जपून लिहिलेलं पत्र खराब माल चांगला करत नाही. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. तिथं प्रश्न शब्दांचा नव्हता, बियाण्याचा होता.

‘तुमच्याकडं नमुना कुठंय?’ असं विचारून शेतकऱ्याला गप्प करता येईल, हाही भ्रम आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडं जाऊ शकतो, आणि प्रत्येक शेतकऱ्यानं पुढं तपासणी लागेल म्हणून थोडं बी बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यानं ते पेरलेलं असतं! म्हणूनच दुकानदारानं ती एक सीलबंद बॅग ठेवणं महत्त्वाचं.

आणि वकिलाची नोटीस किंवा ग्राहक आयोगाचा कागद आला असेल तर मामा-भाचीनं रात्री बसून उत्तर लिहायचं नाही. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत म्हणणं मांडावं लागतं, फार तर आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढं नाही. तिथं वकीलच हवा.

मामानं त्या जूननंतर एक गोष्ट बदलली. काउंटरवर आता तो ‘माझी गॅरंटी’ म्हणत नाही. बॅग फिरवून लेबलवर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘दादा, हे सत्तर वाचा. पेरायच्या आधी शंभर बिया गोणपाटात घालून बघा. कमी आल्या तर बॅग न पेरता परत आणा.’

गेल्या आठवड्यात त्याच्याकडं तशी एक बॅग परत आली. न पेरलेली, पावतीसकट. मामानं मला फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं, फक्त बॅगेवर ठेवलेला एक ओला गोणपाट होता.